भाड्याची वही

दिवाळी तोंडावर आली की पुण्यात शिकायला आलेल्या आम्हा विदर्भातल्या मुलांच्या खोल्यांतून एकच विषय निघतो : नागपूरच्या खाजगी बसचे भाडे. "काल दोन हजार होते, आज तीन झाले," असे एक जण सांगतो. "मंगळवारी तिकीट काढावे, स्वस्त पडते," असे दुसरा छातीठोकपणे बजावतो. शेवटी सारे मिळून बसवाल्यांना लुटारू ठरवतात आणि मुकाट्याने पैसे मोजतात. हा संताप मला परका नाही. पण मागच्या वर्षी माझ्या मनात आले की, ज्या लुटीबद्दल आपण इतके तावातावाने बोलतो, तिची एक ओळसुद्धा आपल्यापैकी कोणी लिहून ठेवलेली नाही. नुसत्या आठवणीवर केलेली तक्रार ऐकून कोण घेणार?

म्हणून मी पायथन भाषेत एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. तिने संकेतस्थळावरचा भाव रोज आपणहून वाचावा, अशी माझी कल्पना होती. ती फसली. पानाचा जो मजकूर स्क्रिप्टच्या हाती येई, त्यात भाव नसेच; तो नंतर, पान पडद्यावर उघडल्यावर भरला जाई. शिवाय यंत्राकरवी पान वाचू नये, असे त्या संकेतस्थळाच्या अटींतच होते. तेव्हा मी उलटा मार्ग धरला. रोज रात्री नऊ वाजता भाव मी पाहायचा आणि स्क्रिप्टने तो विचारून नोंदवायचा.

```python
import csv
from datetime import date

travel = date(2025, 10, 17)
today = date.today()
fare = input("fare: ")
low = input("low: ")
seats = input("seats: ")

with open("fares.csv", "a", newline="") as f:
    csv.writer(f).writerow([today, travel,
        (travel - today).days, fare, low, seats])
```

मित्र हसले : "मग हे वहीत लिहिता आले नसते का?" आले असते. पण वहीत मी तारीख चुकलो असतो आणि विसरलेल्या दिवसाचा भाव दुसऱ्या दिवशी अंदाजाने घुसडला असता. स्क्रिप्ट तारीख स्वतः घालते, प्रवासाला किती दिवस उरले ते मोजते आणि जुन्या ओळींना हात न लावता खाली नवी ओळ जोडते.

या नोंदीचे मर्म असे की, भाड्याला एक नव्हे, दोन तारखा असतात. एक तिकीट पाहिले ती आणि दुसरी प्रवासाची. "आज नागपूरचे भाडे किती?" हा प्रश्नच अपुरा आहे. आज पाहिलेले उद्याच्या बसचे भाडे आणि आज पाहिलेले महिन्यानंतरच्या बसचे भाडे एकाच रकान्यात लिहिले, तर त्या आकड्यांतून काहीही निघत नाही. म्हणून मी प्रवासाची तारीख पक्की केली : १७ ऑक्टोबर २०२५, वसुबारसेचा शुक्रवार. तुलनेसाठी त्याआधी पितृपक्षातला एक साधा शुक्रवार, १२ सप्टेंबर, याच पद्धतीने नोंदवला होता. दोन्ही वेळी बस एकच, शयनयान तेच, सुटण्याची वेळ तीच.

साध्या शुक्रवारचे भाडे तीस दिवस आधी १,२०० रुपये होते. ते जवळजवळ शेवटपर्यंत हलले नाही. उलट अखेरच्या दोन दिवसांत, जागा रिकाम्या असल्याने, १,०५० वर उतरले. वसुबारसेचे भाडे तीस दिवस आधीच १,६०० होते. ते रोज थोडेथोडे चढले नाही, पायऱ्यांनी चढले : २,०००, मग २,६००, मग ३,३००. पायरी दिसे ती बहुधा जागा एकदम कमी झाल्यावर. म्हणजे किंमत कॅलेंडरपेक्षा उरलेल्या जागांकडे बघत होती. अर्थात संकेतस्थळावर दिसणाऱ्या जागा म्हणजे बसमधल्या सगळ्याच जागा असतील असे नाही. काही तिकिटे एजंटांच्या हाती असतात.

आता एक कबुली. अठरा दिवस उरले असताना या मार्गावरचे सर्वांत कमी भाडे एका रात्रीत १,४०० वरून २,००० वर गेले. खोलीत एकच गहजब झाला. पण माझी नोंद उघडून पाहिली, तर माझ्या बसचे भाडे आदल्या दिवशीही २,००० होते आणि त्या दिवशीही तेवढेच. घडले होते ते एवढेच की बसून जायची एक स्वस्त गाडी भरून गेली होती. त्या रात्री एकाही बसवाल्याने भाव वाढवलेला नव्हता, तरीही 'सर्वांत कमी भाडे' सहाशेने वाढले होते! एक ठरावीक बस आणि मार्गावरचा नीचांक हे दोन रकाने वेगळे का हवेत, ते त्या रात्री कळले.

मंगळवारच्या गोष्टीचीही अशीच गत झाली. प्रवास शुक्रवारी असेल, तर प्रत्येक मंगळवार हा प्रवासाच्या तीन, दहा, सतरा किंवा चोवीस दिवस आधीच येणार. तेव्हा स्वस्ताई मंगळवारची की लवकर तिकीट काढल्याची, हे एका प्रवास-तारखेवरून सांगताच येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या वारांच्या प्रवासाच्या तारखा नोंदवाव्या लागतील. त्या मी नोंदवल्या नाहीत, म्हणून त्या समजुतीला मी खोटीही म्हणत नाही.

शेवटचे तीन दिवस बस भरलेली होती. तिथे रकाना कोरा सोडला. कोऱ्या जागी शून्य लिहिले असते, तर सरासरी काढताना दिवाळीचे भाडे शेवटी उतरले, असा हास्यास्पद निष्कर्ष निघाला असता. भाव न मिळणे म्हणजे भाव शून्य असणे नव्हे.

मग बसवाले लुटारू की नाही? मागणी वाढली की भाव वाढतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात असते आणि नुसते भाडे दुप्पट झाले म्हणून ते बेकायदा ठरत नाही. पण महाराष्ट्र शासनाने २०१८ साली मर्यादा घालून दिली : खाजगी बसचे भाडे एस. टी.च्या त्याच प्रकारच्या गाडीच्या प्रतिकिलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक नसावे. मला ही मर्यादा योग्य वाटते. सणाला घरी जाणाऱ्या मुलाला "नाही परवडत, नको जाऊ" असे सांगणारा बाजार मला मान्य नाही.

मात्र मर्यादा ओलांडली गेली, हे दाखवायला दोन आकडे शेजारी लागतात आणि नेमका दुसरा आकडा मी नोंदवला नव्हता. एस. टी.च्या तशाच शयनयान गाडीचे त्याच दिवसाचे भाडे, हा रकानाच मला सुचला नाही. माझ्याजवळ भाडेवाढीचा पुरावा आहे, नियमभंगाचा नाही. या दोहोंतले अंतर मला तक्रार लिहायला बसल्यावर उमगले. ती तक्रार मी पाठवली नाही.

या दिवाळीला स्क्रिप्टमध्ये एक प्रश्न वाढवणार आहे. अमरावती, अकोला, लातूर, नांदेडच्या मुलांनी आपापला एकेक मार्ग घ्यावा, असे मी सुचवतो. रात्री नऊची दोन मिनिटे लागतात. खोलीत बसून शिव्या देण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो आणि त्या शिव्यांची नोंद कुठेच राहत नाही.