चिन्ह दिसतं, टक्का हलत नाही

चार्जर लावला की फोनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह उमटतं आणि आपण निर्धास्त होतो. तासाभरानं पाहावं, तर ३७ टक्के होते ते ३७च. कधी कधी ३५. मग दुकान गाठलं जातं. तिथे फोन उलटसुलट करून पाहतात आणि सांगतात, ‘बॅटरी गेली, बदलावी लागेल.’ हजार-दीड हजार रुपये जातात आणि चार दिवसांत तीच रड पुन्हा सुरू होते. माझं मत स्पष्ट आहे: या तक्रारीत बॅटरीवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, आणि अर्ध्या तासाची एक साधी चाचणी केल्याशिवाय कोणी बॅटरी बदलायला सांगू नये.

मुळात ते चिन्ह काय सांगतं, ते पाहू. फोनच्या पोर्टपाशी साधारण ५ व्होल्टचा दाब पोहोचला, की फोन ‘चार्जर लागला’ असं धरून चिन्ह दाखवतो. त्या तारेतून प्रवाह किती येतोय, हे चिन्हाला ठाऊक नसतं. टक्केवारी मात्र जमा-खर्चावर चालते. चार्जरकडून येते ती जमा; पडदा, नेटवर्क, नकाशा, हॉटस्पॉट यांनी खाल्लेला तो खर्च. जमा दोन वॉट आणि खर्च अडीच वॉट असेल, तर चिन्ह दिसत राहतं आणि टक्के उतरत राहतात. फोन खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो.

आमच्या भागातल्या एका रिक्षाचालकाचं उदाहरण घेतो. त्यांचा ५००० एमएएचचा फोन हँडलजवळ लावलेला, प्रवाशांचं ॲप आणि नकाशा दिवसभर चालू, उन्हात दिसावं म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला. रिक्षाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून एक चार्जर बसवून घेतलेला आणि तिथून दोन मीटर लांब केबल फोनपर्यंत आणलेली. सकाळी ४० टक्के असलेला फोन चार्जिंगला लावूनही दुपारी ३० वर यायचा. दुकानदारानं बॅटरी बदलायला सांगितलंच होतं.

आधी फोन पूर्ण बंद करून त्याच चार्जरला, त्याच केबलनं अर्धा तास लावला. चार टक्के वाढले. याचा अर्थ बॅटरी वीज घेत होती. येणारी वीजच तुटपुंजी होती. मग यूएसबी मीटर लावला. बोटाएवढं हे यंत्र चार्जर आणि केबल किंवा केबल आणि फोन यांच्या मध्ये बसतं आणि व्होल्ट व अँपिअर दाखवतं. चार्जरच्या टोकाशी ५.१ व्होल्ट आले, फोनच्या टोकाशी ४.४. प्रवाह जेमतेम ०.४ अँपिअर. ४.४ गुणिले ०.४, म्हणजे पावणेदोन वॉट. नकाशा आणि भरउजेडाचा पडदा मिळून अडीच-तीन वॉट सहज खातात. जमेपेक्षा खर्च मोठा होता. टक्के चढणार कुठून?

दोन टोकांमधला पाऊण व्होल्ट केबलनंच खाल्ला होता. तार बारीक आणि लांब असली की तिचा रोध वाढतो, आणि फोनपाशी दाब साडेचार व्होल्टच्या आसपास उतरला की फोनमधलं चार्जिंगचं सर्किट स्वतःहून कमी प्रवाह ओढू लागतं. कितीही ताकदीचा चार्जर लावा, अशा केबलमधून पुढे काही जात नाही. एक मीटरहून आखूड, जाड तारेची केबल लावली. फोनच्या टोकाशी ४.९ व्होल्ट आणि दीड अँपिअर दिसले, म्हणजे सव्वासात वॉटच्या वर. खर्च आणि उष्णतेत जाणारी वीज वजा जाता चारेक वॉट शिल्लक. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात, तेव्हा नकाशा चालू ठेवूनही तासाला वीसएक टक्के चढू लागले. केबलच्या किमतीत काम भागलं.

तरी दुपारी एक ते तीन पुन्हा टक्के अडायचे. या वेळी कारण ऊन होतं. लिथियमची बॅटरी फार गरम असताना भरली तर ती खराब होते, म्हणून साधारण ४५ अंशांच्या आसपास पोहोचल्यावर फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. चिन्ह तेव्हाही तसंच दिसू शकतं. होल्डर काचेच्या उन्हातून खाली, सावलीत सरकवला आणि फोनचं जाड कव्हर काढलं. तेवढ्यानं दुपारची तक्रारही गेली.

या उदाहरणातून तपासाचा क्रम हाती येतो. पहिली पायरी बंद फोनची. फोन बंद करा, अर्धा तास चार्जिंगला लावा, आधीचे आणि नंतरचे टक्के लिहून ठेवा. दहाएक वॉटच्या ठीक चार्जरवर अर्ध्या तासात वीस टक्क्यांच्या आसपास चढायला हवेत. तेवढे चढले, तर वीज नीट येते आहे आणि दोष खर्चाचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा किंवा वापराचा आहे. चार-पाचच चढले, तर केबल, ॲडॅप्टर किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी अडवतंय. काहीच चढले नाहीत, तर पोर्ट, आतलं सर्किट किंवा बॅटरी. पुढे एका वेळी एकच वस्तू बदला. केबल आणि ॲडॅप्टर एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

केबलपासून सुरुवात करा, कारण सर्वांत जास्त वेळा तीच दोषी निघते. बऱ्याच केबलींच्या आवरणावर बारीक अक्षरांत तारांची जाडी छापलेली असते: एक आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या. विजेच्या तारांपुढे २८ असेल तर तार बारीक, २४ किंवा २२ असेल तर जाड. आकडा लहान तितकी तार जाड. केबलचा आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. ॲडॅप्टर आहे की संगणकाचा पोर्ट, हे फोन बऱ्याचदा डेटाच्या तारांवरून ओळखतो. त्या आतून तुटल्या, तर चांगल्या ॲडॅप्टरलाही फोन संगणक समजतो आणि अर्ध्या अँपिअरवर समाधान मानतो. केबल संगणकाला लावून फोनमधल्या फायली दिसतात का ते पाहा. दुसऱ्या केबलनं दिसतात आणि हिनं दिसत नाहीत, तर ही बदला.

ॲडॅप्टरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढचे आकडे वाचा. ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असेल, तर तो जास्तीत जास्त ५ वॉटचा; आजच्या मोठ्या फोनला, तोही वापरात असताना, अपुरा. लॅपटॉपचा जुना यूएसबी पोर्ट अडीच वॉटच देतो आणि गाडीतल्या गाण्यांसाठीच्या कित्येक सॉकेटांचीही तीच गत. आता बहुतेक फोनना सी-टाइपचं एकच तोंड आलं, ही सोय चांगली. पण तोंड जुळलं म्हणजे ताकद जुळली असं नाही. काही कंपन्यांचं वेगवान चार्जिंग त्यांच्याच ॲडॅप्टरवर आणि त्यांच्याच केबलवर चालतं. दुसरं लावलं की ते साध्या गतीवर येतं. नवा ॲडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते तपासता येतं.

दोन्ही बदलूनही फरक नसेल, तर पोर्ट. प्लग शेवटपर्यंत बसत नसेल, थोडा बाहेर राहत असेल, तर आत खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं मागच्या भिंतीकडचा कचरा हळूच बाहेर ओढा. मधल्या पातळ जिभेला धक्का लावू नका आणि सुई-टाचणी तर आत घालूच नका. तोंडानं फुंकू नका, वाफ आत जाते. सी-टाइपचा प्लग एका बाजूनं चालतो आणि उलटा लावला की चालत नाही, असं झालं तर पोर्टच्या किंवा प्लगच्या एका बाजूचे संपर्क गेले आहेत. पावसाळ्यात पोर्टच्या पिनांवर हिरवट डाग दिसले तर तो गंज. तो घरी खरवडू नका, दुकानात स्वच्छ करून घ्या. पुष्कळ फोनमध्ये हा पोर्ट वेगळ्या छोट्या चार्जिंग बोर्डावर असतो आणि तेवढंच बोर्ड बदलता येतं.

सॉफ्टवेअरकडे वळताना आधी एक पाहा: टक्के ८० वरच अडतात का? तसं असेल तर तो बिघाड नाही. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून फोन ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते. फोन बंद असताना भरतो आणि चालू असताना भरत नाही, तर ॲन्ड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात आपण टाकलेली ॲप थांबतात. तिथे टक्के चढू लागले, तर एखादं ॲप वीज खातंय. बॅटरी वापराच्या यादीत ते बहुधा वरच दिसेल. टक्के तासभर जागचे हलत नाहीत आणि फोन बंद करून चालू केल्यावर एकदम पंधरानं उडी मारतात, तर वीज भरत होती, मोजणी चुकत होती. जुन्या बॅटरीत असं होतं.

आणि इथे बॅटरीची पाळी येते. वीस-पंचवीस टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडतो, किंवा चांगल्या केबल-ॲडॅप्टरवर, बंद अवस्थेतही तो भरत नाही आणि पोर्टही ठीक आहे, तर बॅटरी बदला. मागचं झाकण फुगून उचललं गेलं असेल, तर मात्र कुठलीही चाचणी करू नका. चार्जिंग लगेच थांबवा आणि फोन दुकानात द्या.

फोन बनवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. येणारा प्रवाह फोन आतल्या आत मोजतच असतो. काही फोन ‘Charging slowly’ एवढं तरी लिहितात. त्याऐवजी चिन्हाशेजारी येणारे वॉट आणि खर्च होणारे वॉट दाखवा. रिक्षाचालकालाही मीटरशिवाय कळेल की दोष केबलचा आहे. तोपर्यंत वाचकांना एवढंच सांगणं: दुकानात बॅटरी बदलायची म्हणाले, तर आधी त्यांच्यासमोर, त्यांच्याच केबल आणि ॲडॅप्टरवर फोन बंद करून अर्धा तास लावायला सांगा. टक्के नीट चढले, तर बॅटरीचे पैसे देऊ नका.