हरितगृहाला उगाच बदनाम करू नका

आमच्या हिंगोलीकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते. रात्रभर आभाळ भरून राहिलं, तर तेवढी थंडी वाजत नाही. शेतात राखणीला जाणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. पण सूर्य तर दोन्ही रात्री नसतो. मग ही जास्तीची ऊब येते कुठून?

ती येते जमिनीतून. दिवसभर तापलेली काळी माती रात्रभर उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. ढग ते किरण शोषतात आणि स्वतःही तसेच किरण सोडतात. त्यातले काही वर जातात, बरेचसे परत खाली येतात. निरभ्र रात्री ढगांचा हा वाटा नसतो, म्हणून जमीन लवकर थंड होते. पण तेव्हाही सगळीच उष्णता निसटत नाही, कारण हवेतली न दिसणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हेच काम करत असतात. हाच हरितगृह परिणाम, आणि तो माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

माझी तक्रार अशी की आपण हा शब्द मुलांना थेट प्रदूषणाच्या धड्यात भेटवतो. नववीतल्या भाचीने परवा विचारलं, "मामा, हे सगळे वायू काढून टाकले तर बरं होईल ना?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र अंगावर काटा आणणारं आहे.

हिशोब करून बघा. दिवस-रात्र आणि विषुववृत्त-ध्रुव सगळं धरून, पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरला सूर्याकडून सरासरी 340 वॅट मिळतात. त्यातला सुमारे 30 टक्के प्रकाश ढग, बर्फ, वाळू तसाच परत पाठवतात. उरले साधारण 240. पृथ्वीलाही तेवढेच बाहेर टाकावे लागतात, नाहीतर ती तापत किंवा गारठत जाईल. आता 240 वॅट टाकणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान निघतं उणे 18 अंश. प्रत्यक्षात पृथ्वीची सरासरी आहे अधिक 15 च्या आसपास. मधले हे 33 अंश या वायूंनी आणि ढगांनी दिलेले आहेत. ते काढून घेतले तर समुद्र गोठतील, पांढरा बर्फ आणखी प्रकाश परतवेल आणि थंडी उणे 18 वरही थांबणार नाही.

गंमत म्हणजे हवेचा जवळजवळ सगळा भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन यात काहीच करत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू, त्यामुळे त्यांच्या थरथरण्याने अवरक्त किरण पकडले जात नाहीत. पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत तीन अणू. ते वाकतात, ताणले जातात, आणि या हालचाली नेमक्या जमिनीच्या किरणांशी जुळतात.

नावानेही घोळ घातलाय. पॉलिहाऊस गरम राहतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. बाजूचे पडदे वर केले की ते लगेच निवतं. 1909 मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका खोक्याला काच आणि दुसऱ्याला सैंधवाची चकती लावली. सैंधवातून अवरक्त किरण आरपार जातात, तरी दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. वातावरण असं हवा कोंडत नाही, ते किरण अडवतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मग आज काळजी कशाची? अवकाशात निसटणारी उष्णता बहुतेक वरच्या थंड हवेतून निघते, सरासरी पाचेक किलोमीटरवरून. वायू वाढले की ही निसटण्याची जागा आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड हवा कमी किरण सोडते, म्हणून खाली उष्णता साचते, आणि 240 चा हिशोब पुन्हा जुळेपर्यंत जमीन तापत राहते. वाफ पाऊस होऊन पडून जाते, हवा तापली तरच तिचं प्रमाण वाढतं. कार्बन डायऑक्साइड पावसाबरोबर असा पडून जात नाही. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख रेणूंत तो 280 च्या आसपास होता, आज 420 च्या वर आहे.

तेव्हा मुलांना आधी हे 33 अंश शिकवावेत आणि मग वाढीव अंशांचा धडा घ्यावा, असं आपलं माझं मत. गोधडीच वाईट म्हणून शिकवलं, तर तिच्यावर दुसरी गोधडी चढतेय हे त्यांना कळणार कसं?