फजरची पहिली पावलं

गेल्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मी सहरीसाठी उठल्या आणि पलंगावरून पाय खाली टेकवताच "या अल्लाह" म्हणून परत बसल्या. उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखं वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. पंधरा-वीस पावलांनी दुखणं ओसरलं, म्हणून कुणाला काही बोलल्या नाहीत. ईद झाली, तरी रोज सकाळी तेच. घरात निदानही पटकन झालं: वय झालं, वात आहे, टाचेचं हाड वाढलं असेल.

एक्स-रेमध्ये खरंच हाडाचं लहान टोक निघालं आणि सगळे घाबरले. पण असं टोक असलेल्या कितीतरी लोकांची टाच आयुष्यात दुखत नाही. दुखतो तो तळव्याचा चिवट पट्टा. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत ताणलेला हा पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. त्याच्या टाचेकडच्या टोकाला झीज झाली, की त्या दुखण्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि पट्टा आखडतो. सकाळी सगळं वजन एकदम त्याच्यावर पडतं, म्हणून पहिली पावलं जीवघेणी होतात.

अम्मींच्या बाबतीत कारण समोरच होतं. पहाटे सहरी, दुपारनंतर इफ्तारीची तयारी, रात्री तरावीह. एरवीपेक्षा उभं राहणं कितीतरी वाढलेलं, आणि तेही टाइल्सवर, अनवाणी. सांधेवाताला दोष देणं आम्हाला सोयीचं होतं, कारण मग घरात कुणालाच काही बदलावं लागत नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेला पहिला व्यायाम पलंगावरच करायचा आहे, पाय जमिनीला लागण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा. हाताने पायाची बोटं धरून हळूहळू नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला, की तारेसारखा ताठ झालेला पट्टा हाताला लागतो. तो लागला म्हणजे ताण बरोबर बसला. दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. दुपारीही बराच वेळ बसून उठण्याआधी करायचा.

दुसरा पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि शरीर पुढे झुकवायचं. अर्धा मिनिट, दोन-तीन वेळा. अम्मींची टाच सुरुवातीला उचलली जायची, त्यामुळे ताण बसतच नव्हता. पाय थोडा पुढे घेतल्यावर जमलं. ताण जाणवावा, कळ येऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं.

इथे आमच्या एका चाचांचं म्हणणं मांडतो, कारण ते बऱ्याच घरांत ऐकू येतं. "पाच वक्त नमाज पढणाऱ्याला व्यायाम कशाला? सजद्यात बोटं वाकतातच." बोटं वाकतात, हे खरं. पण काही क्षण, आणि तेही वुजूसाठी मोरीपर्यंत चालून झाल्यावर. म्हणजे ज्या पावलांनी इजा होते, ती आधीच पडून गेलेली असतात. नमाज ही इबादत आहे. तिला फिजिओथेरपी ठरवून आपण तिचा मान वाढवत नाही आणि टाचही बरी करत नाही. दुखणं फार असेल तेव्हा बसून नमाज पढण्याची सवलत मात्र दीनने दिलेली आहे. ती घ्यायला अम्मींना आठ दिवस समजवावं लागलं.

व्यायामाइतकाच फरक चपलांनी पडला. घरात वापरायला मऊ, टाचेकडे थोडी जाड अशी वेगळी चप्पल आणली आणि पलंगाशेजारी ठेवली. भाजी निवडणं, कणीक मळणं आता बसून होतं. पोळ्या लाटायला मी आणि भाऊ उभे राहतो. आकार विचारू नका.

तीन आठवडे काहीच फरक नव्हता आणि अम्मी कंटाळल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास भिंत धरणं सुटलं. पूर्ण बरं व्हायला कित्येक महिने जातात, कधी वर्षही. त्या घाईत कुणी टाचेत इंजेक्शन घेतं. त्याने काही काळ आराम पडतो, पण टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा किंवा पट्टाच तुटण्याचा धोका असतो, हे आधी विचारून घ्यावं.

टाच रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, सुजून लाल झाली असेल, ताप असेल, पाय बधिर होत असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागली असेल, तर हे व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावं. डायबिटीसने तळव्याची संवेदना गेलेल्यांनी बर्फाच्या बाटलीवर पाय फिरवू नये. त्वचा इजा झाल्याचं कळतच नाही.

काल फजरला अम्मींच्या खोलीतून हळू आवाजात मोजणं ऐकू आलं. सात, आठ, नऊ. मग चपलांचा आवाज.