रिपोर्ट छोटा करताना ‘पण’ गाळू नका

एकाच रिपोर्टचा सारांश तीन मापांत लिहायचा, एक वाक्य, एक परिच्छेद आणि एक पान, हे व्हिडिओत बोललो होतो. बरेच जण याचा अर्थ असा घेतात की पान लिहायचं आणि मग कात्री लावत जायचं. माझं मत वेगळं आहे. कात्री लावली की सगळ्यात आधी ‘पण’ कापला जातो, आणि खरी बातमी बहुतेक वेळा त्या ‘पण’च्या पुढेच असते.

समजा, तुमचा चिवडा-चकलीचा धंदा आहे. एप्रिल ते सप्टेंबरचा हिशोब काढलात. विक्री 9 लाख झाली, त्याआधीच्या सहा महिन्यांत 7 लाख 20 हजार होती. 25 टक्के वाढ! नफा 1 लाख 8 हजार. पण दुकानदारांकडची उधारी 90 हजारांवरून 2 लाख 40 हजारांवर गेली, म्हणजे दीड लाखाने वाढली. मालाचा साठा आणि तुमची देणी तेवढीच राहिली असं धरलं, तर 1 लाख 8 हजार कमावले आणि दीड लाख अडकले. हातातली रोकड 42 हजारांनी घटली. आधी 92 हजार होती, आता 50 हजार आहे. दिवाळीसाठी पोहे, बेसन, तेल भरायला 2 लाख लागणार. दीड लाख कमी पडतात.

आता ज्या मेहुण्याने धंद्यात पैसे घातलेत, त्याला एक वाक्य पाठवायचंय. “विक्री 25 टक्के वाढली, नफा लाखाच्या वर.” खोटं काहीच नाही यात. पण आठ दिवसांनी तुम्ही त्याच्याकडे पैसे मागितलेत, तर तो काय म्हणेल? “अहो, धंदा तर जोरात होता ना!” त्याच्या जागी तुम्ही असतात तरी हेच म्हणाला असतात. म्हणून वाक्य असं हवं: “विक्री 25 टक्के वाढली, पण नफ्यापेक्षा जास्त पैसा उधारीत अडकलाय, त्यामुळे दिवाळीच्या मालाला दीड लाख कमी पडतात.” यात चांगली बातमी आहे, अडचण आहे आणि मागणीही आहे.

परिच्छेद बँकेच्या मॅनेजर साहेबांसाठी. त्यांच्या टेबलावर तुमच्यासारख्या बऱ्याच फायली असतात. त्यांना हवं असतं ते कारण आणि परतफेड. तो साधारण असा होईल:

“सप्टेंबरअखेरच्या सहामाहीत विक्री 25 टक्क्यांनी वाढून 9 लाख झाली आणि नफा 1 लाख 8 हजार झाला. मात्र दोन नव्या होलसेल व्यापाऱ्यांना उधारीवर माल दिल्याने येणं दीड लाखाने वाढलं आणि रोकड 50 हजारांवर आली. दिवाळीच्या 2 लाखांच्या कच्च्या मालासाठी दीड लाखाची गरज आहे. दिवाळीची किरकोळ विक्री रोखीने होते, तिच्यातून ही रक्कम डिसेंबरअखेर फेडता येईल.”

पान मात्र तपासणाऱ्यासाठी असतं: कर्जाची फाईल बघणारे अधिकारी, तुमचे सीए. इथे महिनावार विक्री द्या, कोणाकडे किती येणं आहे आणि ते किती दिवसांचं आहे ते द्या. वरचा 42 हजारांचा हिशोब पायरीपायरीने मांडा, कारण नफा असून रोकड कमी कशी, हा प्रश्न येणारच. आणि त्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकाने पैसे लांबवले तर काय, हेही दोन ओळींत लिहा. अनेक जण पानावर धंद्याचा इतिहास लिहितात, आजीची रेसिपी वगैरे. छान आहे, पण ते पाकिटावर छापा.

क्रमाबद्दल सांगायचं तर मी पान आधी लिहायला सांगतो, कारण आकडे तिथेच जुळतात. मग पान उलटं ठेवायचं आणि न बघता वाक्य लिहायचं. परिच्छेद सगळ्यात शेवटी. त्या वाक्याला ‘का’ आणि ‘पुढे काय’ जोडलं की तो तयार होतो. झालं की घरातल्या कुणाला तरी आधी फक्त वाक्य वाचायला द्या, नंतर पान. पान वाचताना त्यांनी “अरे, हे तर सांगितलंच नव्हतं” म्हटलं, तर वाक्य बदला, पान नाही.

आणि तिन्हींवर “30 सप्टेंबरअखेर” असं लिहा. कारण 10 ऑक्टोबरला एखाद्या व्यापाऱ्याने 60 हजार भरले, तर येणं 1 लाख 80 हजारांवर येतं आणि गरज दीड लाखावरून 90 हजारांवर. तुम्ही पान दुरुस्त कराल, पण मेहुण्याच्या व्हॉट्सॲपवर दीड लाखच राहील. नवं वाक्य त्याच दिवशी पाठवा, नव्या तारखेसह.