कॉफी म्हणजे उसनी जाग

कोकणातल्या आपल्या गावांमध्ये आखाती देशांतून माणूस सुट्टीवर येतो, तेव्हा त्याला आणायला मुंबईच्या विमानतळावर गाडी जाते. दुबई, कुवेत, दम्माम इथून येणारी विमानं बऱ्याचदा रात्री उतरतात. त्यामुळे गाडी दुपारी गावातून निघते, रात्री विमानतळावर थांबते आणि पहाटे परतीच्या वाटेवर असते. गाडीत अम्मी असतात, दोन-तीन मुलं असतात, टपावर सामान बांधलेलं असतं. स्टिअरिंगवर असतो घरातलाच कुणी मामू, कुणी चुलतभाऊ, नाहीतर गावातला ओळखीचा ड्रायव्हर. त्याच्या झोपेचा विचार कुणी केलेला नसतो. त्याच्यासाठी केलेली तजवीज एकच असते: वाटेत कॉफी पाजायची.

ही तजवीज अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे. कॉफी उपयोगाची नाही असं नव्हे. ती कशासाठी आणि किती वेळ उपयोगाची आहे, ते समजून न घेता आपण तिच्यावर सगळं कुटुंब सोपवतो.

आधी कॉफी नेमकं काय करते ते पाहू. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतो आणि आपल्याला झोप यायला लागते. कॉफीतलं कॅफिन त्याच जागा आधी अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिनला बसायला जागा मिळत नाही, म्हणून झोप आल्याचं कळत नाही. पण अ‍ॅडेनोसिन कुठे गेलेलं नसतं. ते दाराबाहेर उभं असतं आणि गर्दी वाढतच असते. म्हणून मी कॉफीच्या जागेपणाला उसनी जाग म्हणतो. कर्ज फिटलेलं नसतं, फक्त सावकाराला दार उघडलेलं नसतं.

यात वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. कॉफी प्यायल्यावर तिचा परिणाम जाणवायला साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणजे डोळे मिटायला लागल्यावर कॉफी पिऊन लगेच गाडी हाणणारा माणूस पहिली वीस मिनिटं कॉफीशिवायच चालवत असतो. शिवाय एका पेल्यात किती कॅफिन असतं, याचाही अंदाज घ्यायला हवा. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण 60 मिलिग्रॅम धरा. चिकोरी मिसळलेली असेल तर त्याहून कमी. पूर्ण कप चहात 30 ते 50, आणि कटिंगमध्ये त्याच्या निम्मंच. धाब्यावरच्या दुधाळ, गोड कॉफीत चमचाभर पावडरही असेलच असं नाही.

आता ही जाग टिकते किती? इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी यावर प्रयोग केले. गाडीसारख्या यंत्रावर पहाटे लोकांना बसवलं आणि 200 मिलिग्रॅम कॅफिन दिलं, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन कडक कप. जे रात्री पाच तास झोपले होते, त्यांना त्या कॅफिनने सुमारे दोन तास सावरलं. जे रात्रभर झोपलेच नव्हते, त्यांच्या चुका मात्र फक्त पहिला अर्धा तास कमी झाल्या. त्यानंतर कॅफिन अंगात होतं, पण उपयोगाचं राहिलं नव्हतं. म्हणून ‘कॉफी किती वेळ टिकते’ याचं उत्तर कपात सापडत नाही. तुम्ही आदल्या रात्री किती झोपलात, त्यात ते असतं.

हे आपल्या फेरीला लावून बघू. समजा, गाडी चिपळूणची आहे. चालवणारा फजरला, म्हणजे पहाटे साडेपाचला उठला. दिवसभर कामं केली आणि दुपारी चारला निघाला. चहापाण्याला थांबत साडेदहाला विमानतळावर पोहोचला. विमान साडेबाराला उतरलं, सामान घेऊन मंडळी बाहेर यायला दोन वाजले. गळाभेटी झाल्या, सगळ्यांनी कॉफी घेतली आणि गाडी निघाली. तीनच्या सुमाराला पनवेल, मग पेण, वडखळ, नागोठणे. पाचला माणगाव येतं, तेव्हा हा माणूस साडेतेवीस तास जागा आहे. दोन वाजताची कॉफी त्याला कधीच सोडून गेली आहे. पुढे महाड, पोलादपूर आणि कशेडी अजून यायचं आहे. त्यात पहाटे दोन ते सहा हा काळ असा, की शरीराचं घड्याळ माणसाला झोपेकडेच ओढतं. वर्षानुवर्षे रात्री गाडी चालवणाराही यातून सुटत नाही. ‘त्याला सवय आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. सवय रस्त्याची होते, झोप न घेण्याची होत नाही.

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. ऑस्ट्रेलियातले ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकीच मंदावते. आपल्या कायद्यात गाडी चालवताना 0.03 टक्क्यांहून जास्त मद्य असणं गुन्हा आहे. आपला चिपळूणचा माणूस रात्री साडेदहालाच, विमानतळावर पोहोचतानाच, सतरा तास जागा आहे. ज्याने आयुष्यात शराबला हात लावला नाही, ज्याच्या घरात कुणी लावला नाही, तो परतीच्या वाटेवर तशाच मंद हातांनी गाडी चालवतोय, आणि मागच्या सीटवर अम्मी निर्धास्त झोपल्या आहेत. दारू पिऊन चालवणाऱ्याच्या गाडीत आपण कधी बसलो नसतो. जागरण केलेल्याच्या गाडीत मात्र ‘कॉफी घे आणि चल’ म्हणत खुशाल बसतो.

झोप अचानक आली, असं अपघातानंतर म्हटलं जातं. तसं सहसा होत नाही. त्याआधी बराच वेळ माणूस झोपेशी झगडत असतो आणि ते त्याला कळत असतं. पापण्या जड होतात, जांभया थांबत नाहीत, वेग आपोआप कमीजास्त होतो, चाक पांढऱ्या पट्टीवर जातं. मागचं गाव कधी गेलं ते आठवत नाही. ही शेवटची खूण सगळ्यांत गंभीर आहे, कारण मधली काही सेकंदं डोळे उघडे असूनही मेंदू झोपलेला असू शकतो. ताशी 90 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नाही. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे उपाय आपण करतो. हॉर्न आणि रेनर यांनी गार वारा आणि रेडिओही तपासून पाहिले. त्यांचा गुण आला तर थोडाच वेळ, म्हणजे थांबायची जागा गाठण्यापुरता. काच खाली करावीशी वाटली, की तीच थांबायची वेळ समजावी.

थांबल्यावर काय करायचं, यातच कॉफीचा खरा उपयोग आहे. पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या धाब्यावर गाडी लावायची. रस्त्याकडेच्या पट्टीवर कधीच नाही, मागून येणारा ट्रकवालाही झोपेत असू शकतो. कडक कॉफी पटकन प्यायची, वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि लगेच सीट मागे करून डोळे मिटायचे. इंजिन बंद, काचा थोड्या उघड्या. बंद गाडीत एसी चालू ठेवून झोपलेल्या माणसांचा धुराच्या विषारी वायूने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. कॉफीला चढायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात डुलकी मेंदूतलं थोडं ओझं खरोखर उतरवते. उठाल तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. गाढ झोप लागली नाही, नुसतं पेंगलात तरी उपयोग होतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर मात्र उठल्यावर डोकं जड राहतं, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं चालून, तोंड धुऊन मगच चावी फिरवावी. आणि एवढं करूनही तासाभरात पापण्या पुन्हा जड झाल्या, तर दुसरी कॉफी मागू नये. उसनवारी संपली, असं समजावं. चावी झोप झालेल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावी, नाहीतर उजाडेपर्यंत तिथेच झोपावं.

पण हे सगळं पहाटे चारला, पेंगुळलेल्या माणसावर सोडू नये, हा माझा मुख्य आग्रह आहे. तेव्हा त्याच्या मागे घाई असते, ‘आता काय, दोन तासांत घर’ असं सगळे म्हणत असतात, आणि थांबू या म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं. भाड्याच्या ड्रायव्हरला तर ते बोलताही येत नाही, कारण पैसे देणारा मागे बसलेला असतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने व्यावसायिक चालकाला पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. घरच्या मामूसाठी असा कोणताही कायदा नाही. तो घरानेच करायचा.

तो कायदा अवघड नाही. जाणाऱ्याला त्या दिवशी दुपारी झोपू द्यावं. विमानतळावर साडेदहा ते दीड त्याने पार्किंगमध्ये झोपायचं, दारावर दुसऱ्या कुणी उभं राहायचं. परतीत वडखळ किंवा नागोठण्याला थांबायचं हे निघतानाच ठरवावं, त्याला झोप आलेली असो वा नसो. आणि हे जमणार नसेल, तर कुर्ल्याला, मुंब्र्याला, जोगेश्वरीला आपलं कुणी ना कुणी असतंच. रात्र तिथे काढावी आणि सकाळी निघावं. दोन वर्षांनी घरी येणारा माणूस आणखी आठ तासांनी आला, तर घर वाट बघेल. गाडीतल्या मंडळींनी चालवणाऱ्याला कॉफी जरूर द्यावी, पण कपाबरोबर वीस मिनिटंही द्यावीत, आणि तेवढा वेळ घरून कुणी ‘कुठे पोहोचलात’ असा फोन करू नये.