निकाहनंतर नॉमिनी बदलला का?

माझा मामेभाऊ कारखान्यात नोकरीत असतानाच वारला. पीएफचा नॉमिनी त्याचा धाकटा भाऊ. तो फॉर्म लग्नाआधीचा. “नाव माझं, म्हणून पैसा माझा,” असं तो म्हणू लागला. भाभी गप्प.

मी त्याला नियम दाखवला. लग्न होताच ते नॉमिनेशन रद्द झालं. नवं भरलेलं नसेल तर पीएफ कुटुंबात समान वाटला जातो. जमा होते 6 लाख. भाभी, दोन लहान मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मामी, प्रत्येकी दीड लाख. ईडीएलआय विम्याची रक्कमही याच वाटेनं जाते. भावाला काहीच नाही.

पण या वादात भाभीचे आठ महिने उधारीवर गेले. माझ्या मते निकाहनाम्यावर सही केली, की त्याच आठवड्यात ई-नॉमिनेशन भरावं.