‘आमच्याकडे’ म्हणजे नक्की कुठे?

तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल बघा. आडनाव अस्सल रायगडातलं, दिसायला आपल्यातलीच, मराठी छान समजतं. पण पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती म्हणते, ‘तुम्ही जरा सरकता का?’ आणि अख्खा बाक हसतो. चौकशी केल्यावर कळतं, मॅडम मस्कतच्या. किंवा दोहाच्या, कुवेतच्या. मग तिचं नाव ‘दुबई’ पडतं. मस्कत दुबईत नाही, हे सांगायची सोय तिला कुणी ठेवत नाही.

पनवेलमध्ये अशी मुलं कमी नाहीत. इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. आणि या मुलांबद्दलचं आपलं मत ठरलेलं असतं: पैसेवाले, लाडावलेले, एसीत वाढलेले, यांना कसला आलाय त्रास? मला हे मत साफ चुकीचं वाटतं.

आखातात वाढण्याची गोष्ट अमेरिकेत वाढण्यापेक्षा वेगळी आहे. तिथं जन्मलात, वाढलात म्हणून नागरिकत्व मिळत नाही. वडिलांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, आईचा आणि मुलांचा वडिलांच्या व्हिसाला. नोकरी गेली की सगळ्यांनीच बॅगा भरायच्या. त्यामुळे ‘आपल्याला एक दिवस परत जायचंय’ हे मूल लहानपणापासून ऐकत असतं. पण परत कुठे? ज्या गावाला त्यानं फक्त सुट्टीत पाहिलंय, तिथे.

माझी एक मैत्रीण २००९ मध्ये चार वर्षांची असताना पनवेलहून मस्कतला गेली आणि २०२३ मध्ये इंजिनीअरिंगसाठी परत आली. मधल्या वर्षांत ती दर वर्षी जून-जुलैमध्ये चाळीसेक दिवस इथे यायची. म्हणजे तिच्या डोक्यातलं पनवेल कायम पावसाळी होतं. विमानतळावर काका घ्यायला यायचे, आजी उकडीचे मोदक करायची, आत्या भेटायला यायची, बॅगेतून खजूर आणि अत्तरं निघायची. सगळे तिचं कौतुक करायचे, कारण ती पाहुणी होती. कायमची आली, तेव्हा पहिले तीन आठवडे असेच मजेत गेले. चौथ्या आठवड्यात आजीनं विचारलं, ‘अगं, ताट कोण उचलणार?’ पाहुणपण संपलं होतं आणि घरचं माणूस कसं असायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी अभ्यासकांनी परदेशात शिकून मायदेशी परतलेल्यांबद्दल १९६३ मध्ये हेच मांडलं. माणूस परदेशी जातो तेव्हा आधी खूश असतो, मग खचतो, मग रुळतो. परत आल्यावर हे सगळं पुन्हा एकदा होतं. आलेख काढला तर इंग्रजी डब्ल्यू दिसतो. यातली दुसरी दरी जास्त फसवी, कारण तिची कुणालाच अपेक्षा नसते. परक्या देशात जाताना आपण मनाची तयारी करतो. घरी जायला कसली तयारी?

मुलांचं गणित याहून गुंतागुंतीचं. त्यांच्या बाबतीत ‘मायदेश’ हा शब्दच आईबाबांचा असतो. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसिम यांनी अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ हे नाव दिलं. ‘तिसऱ्या संस्कृती’ची ही कल्पना त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला १९५०च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करताना सुचली होती. एक संस्कृती आईबाबांची, दुसरी ते राहतात त्या देशाची, आणि तिसरी या दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्यांची.

मैत्रिणीचं मराठी घ्या. तिथे मराठी फक्त घरात, तेही मोठ्यांशी. त्यामुळे तिच्याकडे आजीशी बोलायचं मराठी आहे, मित्रांशी भांडायचं नाही. वर्गातल्या मुलांना ‘अहो-जाहो’ करते आणि रिक्षावाल्या काकांना ‘एक्सक्यूज मी’ म्हणते. आपल्या विनोदांवर अर्धा सेकंद उशिरा हसते. आकड्यांची तर गंमतच. शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकांत इंग्रजी आकडे आणि रस्त्यावर अरबी. अरबी नऊ आपल्या एकसारखा दिसतो आणि अरबी पाच आपल्या शून्यासारखा. भाजीवाल्या मावशींनी पाटीवर ‘कोथिंबीर १०’ लिहिलं होतं. हिनं ९५ वाचलं आणि गुपचूप पुढे निघून गेली.

बरं, गाव तरी थांबलंय का? ती गेली तेव्हा पनवेलला नगरपालिका होती, तीही १८५२ पासूनची. २०१६ मध्ये महापालिका झाली, खारघर, कामोठे, कळंबोली सगळं एका छत्राखाली आलं. तिकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली. बाबा फोनवरून रस्ता सांगतात, तो २००९ मधल्या पनवेलचा असतो. म्हणजे तिला आठवणीतलं गाव मिळालं, तेही दुसऱ्याच्या आठवणीतलं.

आणि कागदावर? डोमिसाइलसाठी साधारणपणे राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. तिच्या आयुष्याची १४ वर्षं ओमानमध्ये गेलेली. तिचा प्रवेश झाला तो आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठीच्या जादा जागांमधून. परदेशी नागरिक, भारतीय वंशाच्या व्यक्ती आणि ही मुलं यांच्यासाठी मंजूर जागांच्या वर १५ टक्के जागा असतात, त्यातला एक तृतीयांश या मुलांसाठी. पासपोर्ट भारतीय, जन्म पनवेलचा, आणि यादीत नाव परदेशी विद्यार्थ्यांच्या शेजारी. (यावर ‘पैसे भरून आली’ म्हणणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात.)

हे काही आजच्या मुलांचं नाजूकपण नव्हे. बेने इस्रायली लोकांची गोष्ट आठवा. पनवेलमध्ये त्यांचं बेथ एल सिनेगॉग आजही उभं आहे, पनवेलकर हे त्यांच्यातलं एक आडनावही. शतकानुशतकं कोकणात राहून हे लोक १९४८ नंतर ‘आपल्या’ देशात, इस्रायलमध्ये जाऊ लागले. तिथे काहींना रंगावरून वेगळी वागणूक मिळाल्याची तक्रार होती. १९५१ मध्ये त्यांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, पुढे उपोषण केलं, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानानं मुंबईत परत आणलं गेलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परतलेल्यांपैकी बहुतेकांनी थोड्याच काळात पुन्हा इस्रायलला जाऊ द्या म्हणून अर्ज केले. यात हसण्यासारखं काही नाही. दोन-तीन वर्षांत तेही बदलले होते आणि मुंबईतली त्यांची जागाही भरून गेली होती.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. वर्गात नेपाळचा किंवा केनियाचा मुलगा आला, तर आपण त्याला सांभाळून घेतो. त्याच्या ‘तुम्ही’ला हसत नाही, उलट कौतुक करतो. कॉलेजही त्याच्यासाठी ओरिएंटेशन ठेवतं. मस्कतच्या मुलीला यातलं काही मिळत नाही, कारण ती ‘आपली’ आहे. आपली असून हिला एवढंही येत नाही? ही परीक्षा परक्याला द्यावी लागत नाही, फक्त परत आलेल्याला द्यावी लागते.

ओळखायचं कसं, तर तिच्या शब्दांकडे लक्ष द्या. सुरुवातीला ती ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणते आणि आपल्याला ती शिष्ट वाटते. काळजी करायची वेळ येते ती त्यानंतर, मस्कतचं नावच निघेनासं होतं तेव्हा. कुठली म्हणून विचारलं तर ‘इथलीच’ म्हणून विषय बदलते. माझ्या मैत्रिणीनं दुसऱ्या सेमिस्टरला हेच केलं. जेवण, झोप, लेक्चर सगळंच सुटायला लागलं असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. बाकीच्या वेळी तिला नुसतं विचारा की शुक्रवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मस्कतमध्ये ती काय करायची. माझ्या मैत्रिणीला हा प्रश्न पनवेलमध्ये पहिल्यांदा विचारला गेला, तो येऊन सात महिने झाल्यावर. विचारला कॅंटीनच्या काकांनी. त्यांचा भाऊ सलालाला आहे.